रुजुवात केल्याशिवाय जुना पट्टा हातचा सोडू नका

साथींनो,

सध्या पाड्यापाड्यांवर एक निरोप फिरतोय. "वनपट्ट्यात चुका असतील तर अर्ज द्या, जुना पट्टा कचेरीत जमा करा, दुरुस्त करून नवा मिळेल." निरोप ऐकायला गोड आहे. बायकोचं नाव राहिलंय, बापाचं नाव चुकलंय, गावाचं नाव भलतंच पडलंय, अशा चुका घरोघरी आहेत आणि त्या दुरुस्त व्हायलाच पाहिजेत. पण या निरोपातले मधले चार शब्द नीट ऐका: जुना पट्टा जमा करा. आमचा वाद त्या चार शब्दांशी आहे.

दुरुस्ती म्हणजे काय? आपण सांगितलं तेवढंच बदललं आणि बाकीचं होतं तसंच राहिलं, तर ती दुरुस्ती. बाकीचं तसंच राहिलंय हे कळणार कसं? जुना कागद शेजारी ठेवूनच. तो कचेरीत गेला की नव्यात काय बदललं हे सांगायला आपल्याकडे आठवणीशिवाय काही उरत नाही. आणि आठवणीवर साहेब सही करत नाही.

आमच्या सुरगाणा तालुक्यातल्या एका पाड्यावर काय झालं ते सांगतो. एका काकांच्या पट्ट्यावर दोनच चुका होत्या. काकूंचं नाव नव्हतं आणि काकांच्या वडलांचं नाव चुकीचं होतं. काकूंचं नाव राहणं ही साधी चूक नाही. वनहक्क कायद्याच्या कलम ४, पोटकलम ४ प्रमाणे हक्कदार विवाहित असेल तर पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावावर असायलाच हवा. काकांनी अर्ज दिला. काही महिन्यांनी नवा पट्टा आला. दोन्ही नावं बरोबर. काका खूश, घरात गूळ वाटला.

सुदैवाने काकांनी जुन्या पट्ट्याची झेरॉक्स काढून ठेवली होती. रात्री मुलगा नवा पट्टा मोठ्याने वाचू लागला आणि पुतण्या जुन्याच्या झेरॉक्सवर बोट ठेवून बसला. क्षेत्राच्या ओळीवर पुतण्या थांबला. जुन्यावर १.६० हेक्टर, नव्यावर १.०६. आकडे तेच तीन, फक्त शून्य आणि सहाने जागा बदलली. डोळ्याला हे दिसतच नाही, कारण एकूण ओळीची चेहरेपट्टी तीच राहते. पण जमिनीवर याचा हिशेब करा. १.६० हेक्टर म्हणजे जवळपास ३ एकर ३८ गुंठे. १.०६ म्हणजे २ एकर २५ गुंठे. टंकणाऱ्याच्या बोटांची एक अदलाबदल आणि १ एकर १३ गुंठे गेले. काकांच्या नागलीचा सगळा उतार त्यातच होता.

एवढ्यावर थांबले असते तर दुसरी चूक हातून गेली असती. काकू म्हणाल्या, आता उलटं वाचा. जुना वाचा आणि नवा बघा. तसं केल्यावर सापडलं की जुन्यावर अवलंबित म्हणून काकांच्या आईचं नाव होतं, नव्यावर ती जागा कोरी. पहिल्या वाचनात हे का सुटलं? कारण मुलगा नवा वाचत होता. जे नव्यात नाहीच ते तो वाचणार कसं? नवा वाचून जुना बघितला की नव्याने घुसलेलं सापडतं. जुना वाचून नवा बघितला की गळालेलं सापडतं. म्हणून वाचन दोन वेळा, दोन्ही बाजूंनी. जुने तलाठी याला रुजुवात म्हणायचे.

मग शेजाऱ्यांचेही नवे पट्टे मागवले. तिथे तिसरीच गंमत. ओळीने तीन घरांचं क्षेत्र बदललं होतं, आणि प्रत्येकावर पुढच्या घराचं क्षेत्र पडलं होतं. ही आकड्यांची अदलाबदल नव्हे. यादीतून टंकताना नावं एका ओळीवरची आणि क्षेत्रं खालच्या ओळीवरची घेतली गेली. अशी चूक एकट्याच्या कागदावर ओळखू येत नाही, कारण आकडा खरा असतो, फक्त दुसऱ्याचा असतो. त्यात ज्याला जास्त मिळालं तो गप्प बसतो आणि ज्याचं गेलं तो शेजाऱ्याशी भांडतो. म्हणून एका घराचं क्षेत्र चुकलेलं दिसलं की यादीतल्या वरच्या-खालच्या घरांचे पट्टे त्याच दिवशी काढा.

आता कोणी म्हणेल, हे मुद्दाम केलं. आम्ही तसं म्हणत नाही. मुद्दाम असो की नजरचूक, जमीन सारखीच जाते. खरी गोम वेगळी आहे. दोन नावं दुरुस्त करायची तर अख्खा कागद नव्याने टंकायचा, ही पद्धतच चुकीची आहे. कागद पहिल्या अक्षरापासून पुन्हा टंकला की त्यातली प्रत्येक ओळ पुन्हा चुकायला मोकळी होते. सरकारकडे याला चांगला उपाय आहे, आणि तो सरकार स्वतःच्या कागदांसाठी रोज वापरतं. शासन निर्णयात चूक झाली की शुद्धिपत्रक निघतं: अमुक ओळीत अमुक ऐवजी अमुक वाचावे. मूळ कागद जागेवर, बदल तेवढाच आणि सगळ्यांना दिसणारा. हेच आमच्या पट्ट्याला का नको?

आणि सरकारला हे माहीत नाही असंही नाही. हाताने लिहिलेले सातबारे संगणकावर चढवले तेव्हा त्यात चुका झाल्या. म्हणून २०१७ साली गावोगाव चावडी वाचन घ्यावं लागलं. संगणकाचा सातबारा वाचून दाखवायचा, हाताच्या सातबाऱ्याशी मिळवायचा, फरक नोंदवायचा. म्हणजे नवा टंकलेला कागद जुन्याशी मिळवल्याशिवाय खरा धरता येत नाही, हे सरकारनेच मान्य केलं. मालकीच्या जमिनीला चावडी वाचन आणि जंगलातल्या प्लॉटवाल्याला "सही करा आणि न्या", हा दुजाभाव आम्ही चालू देणार नाही.

एका ओळीची किंमत आपल्याला शिकवायला नको. वनहक्काचं विधेयक १३ डिसेंबर २००५ ला लोकसभेत आलं तेव्हा त्यात ताब्याची तारीख होती २५ ऑक्टोबर १९८० आणि कमाल क्षेत्र होतं अडीच हेक्टर. २००६ ला कायदा झाला तेव्हा तारीख झाली १३ डिसेंबर २००५ आणि क्षेत्र झालं चार हेक्टर. तारीख आणि आकडा, एवढाच बदल. पण १९८० नंतर ज्यांनी नांगर धरला, ती सगळी घरं त्या बदलाने कायद्यात आली. देशभरच्या आदिवासींनी भांडून तो बदल करून घेतला. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत आपण पायाला फोड आणत चाललो, तेही पट्ट्यावर खरं क्षेत्र यावं म्हणून. असं मिळवलेलं एका शून्याच्या उलटापालटीने घालवायचं?

म्हणून गावच्या वनहक्क समितीने रुजुवातीचं काम असं करावं.

अर्ज देण्याआधी पट्टा आणि त्याला जोडलेला नकाशा, दोन्हीच्या दोन झेरॉक्स काढा. एक घरी, एक समितीच्या फाईलला. अर्जात मोघम "दुरुस्ती करावी" लिहू नका. कोणत्या ओळीत आज काय आहे आणि काय हवं, हे ओळीवार लिहा. खाली एक वाक्य घाला: याशिवाय कोणताही बदल आम्ही मागितलेला नाही. अर्जाच्या आपल्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. जुना पट्टा हरवला असेल तर आधी माहितीच्या अधिकारात त्याची प्रमाणित प्रत मागा, दुरुस्तीचा अर्ज नंतर.

नवा पट्टा आला की दोघांनी बसा. एकाने वाचायचं, दुसऱ्याने बोट ठेवायचं, मग कागद बदलून पुन्हा. आकडा सलग वाचू नका. "एक, टिंब, सहा, शून्य" असं एकेक अंक वाचा. एक आणि नऊ हाताच्या लिखाणात सारखे दिसतात, तिथे थांबून बघा. नावं, अवलंबित, गाव, क्षेत्र, वनकक्ष क्रमांक, चारही दिशांच्या हद्दी, सह्या, शिक्के, सगळं घ्या. नकाशाची पानं मोजा. हद्दी वाचताना ज्या आजी-आजोबांनी ती जमीन कसली त्यांना जवळ बसवा. पूर्वेला ओहळ की पश्चिमेला, हे सांगायला अक्षर लागत नाही.

शेवटी सापडलेला प्रत्येक फरक अर्जाशी मिळवा. अर्जात आहे आणि कागदावरही झालाय, तो ठीक. अर्जात आहे पण झाला नाही, ती राहिलेली दुरुस्ती. अर्जात नाही आणि तरी झालाय, तो आपण न मागितलेला बदल. तो एक जरी असला तरी पट्टा "मिळाला, मान्य" म्हणून सही करू नका. फरकाचा तक्ता करून ग्रामसभेच्या ठरावासह परत द्या.

काकांनी तेच केलं. मग तिसरा कागद आला. मुलगा म्हणाला, आता फक्त क्षेत्र आणि आजीचं नाव बघू. काकू म्हणाल्या, नाही, पहिल्या ओळीपासून. आणि दुसऱ्या कागदाशी नाही, पहिल्याशी. हे लक्षात ठेवा. तिसरा कागद चुकलेल्या दुसऱ्याशी मिळवला तर दुसऱ्यातली नजरेआड राहिलेली चूक खरी ठरते. कागद कितव्यांदाही येवो, मिळवायचा तो मूळ पट्टा आणि आपल्या अर्जाशी.

रुजुवातीने काय होणार नाही तेही सांगतो. मुळात मोजणीच कमी झाली असेल, चार एकर कसता आणि पहिल्याच पट्ट्यावर वीस गुंठे लिहिले असतील, तर दोन कागद अगदी तंतोतंत मिळतील आणि अन्याय तसाच राहील. त्याची लढाई वेगळी, ती दाव्याच्या पुराव्यांवर आणि फेरमोजणीवर लढायची. दोन्ही एका अर्जात मिसळू नका. क्षेत्रवाढीची मागणी नावाच्या दुरुस्तीत घातली की क्षेत्राची ओळ आपणच उघडी करून देतो. मग १.६० चं १.०६ झालं तर "तुम्हीच क्षेत्र तपासायला सांगितलं होतं" हे उत्तर मिळतं.

आपली मागणी दोन वाक्यांची आहे. दुरुस्ती शुद्धिपत्रकाने करा. आणि नवा पट्टा टंकायचाच असेल तर तो ग्रामसभेत जुन्याशी मिळवून वाचा, तोवर जुना पट्टा हक्कदाराच्या हातात राहील.

पुढच्या ग्रामसभेत हा ठराव घ्या आणि त्याची प्रत संघटनेकडे पाठवा.

जोहार! जिंदाबाद!