प्रश्न एक, उत्तरे तीन

‘गटात न बसणारे नाव ओळखा: दर्पण, केसरी, मराठा, सुधारक.’ प्रश्न काढणाऱ्याच्या मनात ‘दर्पण’ असणार. ते १८३२ चे, तर बाकीची तिन्ही पत्रे १८८० नंतरची. पण टिळकांचे ‘मराठा’ संपूर्ण इंग्रजी होते, म्हणून ते वेगळे, असे कुणी लिहिले तर? किंवा ‘केसरी’ आजही निघतो आणि बाकीची बंद पडली, असे म्हटले तर? तिन्ही कारणे खरी आहेत. यातल्या दोघांचे गुण कापणे हा अन्याय आहे.

आता दुसरा गट पाहा: मूकनायक, बहिष्कृत भारत, जनता, सुधारक. पहिली तीन पत्रे डॉ. आंबेडकरांनी सुरू केली, ‘सुधारक’ आगरकरांनी. काळ पाहिला, तरी ‘सुधारक’च १८८८ चे आणि उरलेली विसाव्या शतकातली. गाव पाहिले, तरी तेच पुण्याचे, बाकी मुंबईची. कुठूनही गेले तरी उत्तर एकच येते. मात्र प्रश्नात ‘कुणी सुरू केले’ असेच म्हणावे. ‘संपादक कोण’ असे विचारले, तर ‘मूकनायक’च्या संपादकपदी पांडुरंग भटकरांचे नाव होते, हे आठवणारा विद्यार्थी गोंधळेल.

कालक्रमाच्या प्रश्नात खाचखळगे निराळे असतात. ‘सालबाई, सुरत, वडगाव, पुरंदर हे तह क्रमाने लावा.’ पुरंदरचा तह म्हटले की शाळकरी मुलाला १६६५ मधले शिवाजी महाराज आणि मिर्झाराजे जयसिंगच आठवणार. त्याने तो पहिला लावला तर चूक कुणाची? ‘पेशवे व इंग्रज यांच्यातील पुढील तह’ एवढे शब्द वर घातले की ही वाट बंद होते.

मग हा प्रश्न खरोखर चांगला ठरतो, कारण सनावळी पाठ नसली तरी तो सुटतो. रघुनाथरावाने मुंबईकर इंग्रजांशी सुरतेला तह केला (१७७५). कलकत्त्याच्या वरिष्ठांना तो मान्य नव्हता, म्हणून त्यांनी पुरंदरला नवा केला (१७७६). मुंबईकरांनी पुन्हा रघुनाथरावाची बाजू घेऊन पुण्यावर चाल केली आणि हरून वडगावला नमते घेतले (१७७९). ती शरणागती वरिष्ठांनी झुगारली, युद्ध लांबले आणि शेवट सालबाईला झाला (१७८२). प्रत्येक तह आधीच्या तहातूनच निघतो. फक्त चार पर्यायांपैकी निदान दोन तरी सुरतेपासून सुरू व्हावेत. एरवी पहिला तह ओळखला की बाकी साखळी न समजताही गुण मिळतात.

याच यादीत हैदर अलीचा मृत्यू घालताना जपावे. सालबाईच्या तहावर सह्या मे १७८२ मध्ये झाल्या, हैदर डिसेंबरात वारला, आणि नाना फडणवीसांनी तहाला अंतिम मान्यता दिली ती त्यानंतर. तेव्हा नुसते ‘सालबाईचा तह’ न लिहिता ‘सालबाईच्या तहावर सह्या’ असे लिहावे.