उधारी मागण्याआधी गल्ला मोजा

नवा दुकानदार ठोक व्यापाऱ्याला पहिलं पत्र लिहितो, तेव्हा बहुधा एकच वाक्य असतं: ‘आपल्याकडे खातं उघडायचं आहे, योग्य भाव व उधारी द्यावी.’ खामगावच्या पेढीवर अशा पत्राला उत्तर येत नाही. किती उधारी आणि किती दिवसांची, हे लिहिणाऱ्यानंच ठरवलेलं नसतं.

समजा, मेहकरात नवं किराणा दुकान आहे. पंधरा दिवसांत 30,000 रुपयांची डाळ आणि इतर माल खपतो. दहा टक्के नफा धरून विक्री 33,000 ची. पण गिऱ्हाईक शेतकरी. तिसरा हिस्सा वहीत जातो आणि सोयाबीन विकल्यावर, दसरा-दिवाळीच्या सुमारास वसूल होतो. म्हणजे पंधराव्या दिवशी गल्ल्यात 22,000 आणि देणं 30,000. घरखर्च, भाडं अजून धरलंच नाही. या दुकानदारानं पंधरा दिवसांच्या मुदतीनं 15,000 ची मर्यादा मागावी आणि वरचा माल रोखीनं उचलावा. पत्रात हा हिशेब दोन ओळींत येऊ द्या. पहिली दोन बिलं रोखीनं देतो, असंही लिहा. मुदत बिलाच्या तारखेपासून की माल पोचल्यापासून, हे आताच विचारा; भांडणं इथंच होतात.

रोखीचा वटावही विचारावा. सात दिवसांत पैसे दिले तर दोन टक्के सूट आणि नाहीतर तीस दिवस, अशी अट असेल, तर ते दोन टक्के सोडून वापरलेले 23 दिवस वर्षाला बत्तीस टक्क्यांच्या व्याजाइतके महाग पडतात. एवढ्या व्याजानं आपण सावकाराकडूनही घेताना विचार करू.

नमुन्याचं म्हणाल, तर पुडी मागू नका. पुडीतली डाळ निवडलेली असते. तूरडाळीचा एक कट्टा बिल करून विकत घ्या, तळापर्यंत ओता, चुरा आणि टरफलं बघा, घरी शिजवून बघा. पाव किलो बाजूला काढून बिलाची तारीख घालून सीलबंद ठेवा. पुढचा माल आला की गिऱ्हाइकाला विकण्याआधी शेजारी ठेवून पाहा. नमुन्यावरून केलेल्या विक्रीत माल नमुन्यासारखाच हवा आणि ताडून बघायला वाजवी संधी हवी, असं 1930 च्या माल विक्री कायद्याचं कलम 17 म्हणतं. त्यासाठी पत्रात एक ओळ पुरते: ‘अमुक बिलाच्या कट्ट्याप्रमाणे माल असावा; फरक आढळल्यास दोन दिवसांत कळवू, परत नेण्याचं भाडं आपलं.’

ही ओळ वाचून एखादा व्यापारी नाक मुरडेल. त्याच्याकडून उधारीवर माल न घेतलेलाच बरा.