दोन तारे आणि चोवीस सेकंद

गेल्या वीकएंडला कोल्हापूरला बहिणीकडे होतो. भाचीची असाइनमेंट चालली होती: कामावर जायला लागणाऱ्या वेळेचा सर्व्हे, डेटा सरावासाठी कॉलेजनेच दिलेला. "मामा, दोन तारे आल्यात बघ!" `R` मध्ये दोन तारे म्हणजे पी-व्हॅल्यू ०.०१ च्या खाली. शिफारसही लिहून तयार: महिलांसाठी जादा बस सोडाव्यात.

तक्ता बघितला. २०,००० बायका, २०,००० पुरुष. बायकांना सरासरी ३०.४ मिनिटं लागतात, पुरुषांना ३०. पी-व्हॅल्यू ०.००८. म्हटलं, अगं, हा फरक २४ सेकंदांचा आहे! सिग्नलला एकदा थांबलं तरी याहून जास्त वेळ जातो.

मग हे तारे आले कुठून? माणसामाणसांतला फरक, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, होतं १५ मिनिटं. त्यावरून सरासऱ्यांच्या फरकाची स्टँडर्ड एरर:

```
15 × √(2/20000) = 0.15
```

०.४ भागिले ०.१५ म्हणजे जवळजवळ २.७. दोनच्या वर गेलं की झालं 'सिग्निफिकंट'. पण प्रत्येक गटात २०० च जण असते तर स्टँडर्ड एरर दीड मिनिट झाली असती आणि तेच २४ सेकंद कुणाला दिसलेही नसते. पी-व्हॅल्यू एवढंच सांगते: खरा फरक शून्य असता, तरी निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता किती. फरक महत्त्वाचा आहे का, हे ती सांगतच नाही. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ साली निवेदन काढून हेच बजावलं होतं. आपण मराठीत 'लक्षणीय' म्हणतो आणि तिथेच फसतो.

खरी गडबड मात्र दुसऱ्या तक्त्यात होती. शहराबाहेरच्या एका वस्तीतले ५० जण आणि शहरातले ५०. वस्तीवाल्यांना ८ मिनिटं जास्त लागत होती. इथे स्टँडर्ड डेव्हिएशन २५, म्हणून स्टँडर्ड एरर ५, पी-व्हॅल्यू ०.११. तारा नाही. भाचीने लिहिलं होतं: "फरक नाही." वस्ती रिपोर्टमधून गायब!

९५ टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल काढायला लावला. वस्तीसाठी उणे २ ते १८ मिनिटं. म्हणजे फरक नसेलही, किंवा रोज एका फेरीला १८ मिनिटं जातही असतील. याला 'फरक नाही' म्हणत नाहीत, 'माहिती अपुरी आहे' म्हणतात. बायकांच्या तक्त्यात तोच इंटरव्हल ६ ते ४२ सेकंद. फरक आहे हे बऱ्यापैकी पक्कं, आणि तो किरकोळ आहे हेही तितकंच पक्कं.

आता तिचं वाक्य असं झालंय: आधी किती मिनिटं, मग इंटरव्हल, शेवटी पी-व्हॅल्यू. किती मिनिटांपुढचा फरक महत्त्वाचा मानायचा, हे डेटा उघडायच्या आधी ठरवायचं, कारण ते कुठलंच सॉफ्टवेअर ठरवून देत नाही. ते बसची वाट बघणाऱ्याला विचारावं लागतं.

असो. जादा बसची शिफारस गेली. त्या जागी "वस्तीत मोठा सर्व्हे करावा" असं आलं. तारा एकही नाही, पण रिपोर्ट आता खरा वाटतो.