'मोअर परफेक्ट'वर लाल शाई कशाला?

मागच्या वर्षी ऑफिसच्या एका ईमेलमध्ये मी लिहिलं, की दुसरा मसुदा पहिल्यापेक्षा 'मोअर परफेक्ट' झालाय. साहेबांचं उत्तर आलं, अख्ख्या टीमला कॉपी ठेवून: "परफेक्टला मोअर लागत नाही. शाळेत शिकवलं नव्हतं का?" मसुद्याबद्दल अवाक्षर नाही. मी मुकाट्याने 'बेटर' केलं. तेव्हा गप्प बसलो ही माझी चूक. 'मोअर परफेक्ट' ही चूक नव्हे.

इंग्रजीत नियमच नाहीत असं माझं म्हणणं नाही. 'अर' कुठे लावायचा आणि 'मोअर' कुठे, हे बरंचसं कानावर ठरतं. 'टॉल', 'फास्ट' हे एका झटक्यात उच्चारले जाणारे शब्द, म्हणून 'टॉलर', 'फास्टर'. 'हॅपी'सारखे दोन झटक्यांचे आणि शेवटी 'ई' ऐकू येणारे शब्दही 'हॅपिअर' होतात. तीन किंवा जास्त झटके असले की 'मोअर': 'मोअर ब्यूटिफुल'. मधल्या पट्ट्यात 'सिंपल', 'क्लेव्हर', 'नॅरो' असे शब्द आहेत, त्यांना दोन्ही चालतं. अपवादही आहेत. 'टायर्ड' छोटा असूनही 'मोअर टायर्ड'च म्हणतात, कारण तो क्रियापदापासून आलाय. उलट 'अनहॅपी'त तीन झटके असूनही 'अनहॅपिअर' चालतं, कारण आत 'हॅपी' बसलाय.

या हिशेबात 'परफेक्ट' कुठे येतो? दोन झटके, शेवटी 'ई' नाही, म्हणून 'मोअर परफेक्ट'. रूप अगदी नियमात बसतं. 'मोअर बेटर'चं तसं नाही. 'बेटर' हेच तुलनेचं रूप, त्यावर पुन्हा 'मोअर' म्हणजे एकाच कामाला दोन माणसं. शेक्सपिअरच्या काळी अशी दुहेरी रूपं चालायची, आजच्या प्रमाण इंग्रजीत ती चूक धरतात. साहेबांनी या दोन्ही गोष्टी एकाच पोत्यात भरल्या.

'मोअर परफेक्ट'वरचा आक्षेप रूपावर नाही, अर्थावर आहे. परफेक्ट म्हणजे ज्यात काही कमी उरलं नाही ते. मग त्याहून जास्त काय असणार? म्हणून काही व्याकरणकार सुचवतात, की 'मोअर निअरली परफेक्ट' म्हणा, म्हणजे 'पूर्णत्वाच्या अधिक जवळ'. पण 'मोअर परफेक्ट' म्हणणाऱ्याला नेमकं हेच म्हणायचं असतं! कागदावर हाताने दोन वर्तुळं काढा. भूमितीच्या कसोटीवर दोन्ही नापास. तरी एक दुसऱ्यापेक्षा जास्त गोल आहे, हे लहान मूलही सांगेल. 'ऑलमोस्ट परफेक्ट' म्हटलं की कोणी हरकत घेत नाही. म्हणजे तिथवर जाणारा रस्ता आहे हे सगळ्यांना मान्य आहे. मग त्या रस्त्यावर कोण पुढे, कोण मागे, हे सांगायला बंदी का?

सगळ्यात मोठा दाखला अमेरिकेच्या संविधानात आहे. 1787 साली लिहिलेल्या त्याच्या उद्देशिकेत पहिलाच हेतू 'मोअर परफेक्ट युनियन' घडवण्याचा आहे. तुलना कशाशी? 1781 पासून लागू असलेल्या जुन्या कराराशी. त्यात केंद्राला थेट कर बसवण्याचाही अधिकार नव्हता. एकी होती, पण ढिली. तिथे 'परफेक्ट युनियन' लिहिलं असतं तर ती फुशारकी झाली असती. 'मोअर'मुळे वाक्य प्रामाणिक झालं: आधीपेक्षा बरी, अजून पुरी नाही. 1861 मध्ये दक्षिणेतली राज्यं फुटून निघाली तेव्हा लिंकनने पहिल्या अध्यक्षीय भाषणात याच शब्दांवर युक्तिवाद उभा केला. एखादं राज्य मनाला येईल तेव्हा बाहेर पडू शकत असेल, तर ही एकी आधीपेक्षा कमी परफेक्ट ठरते, असा त्याचा मुद्दा होता. आक्षेपवाल्यांचं ऐकलं असतं, तर हा युक्तिवाद मांडताच आला नसता.

आणि आपण कुठे वेगळे आहोत? 'श्रेष्ठ' हे संस्कृतातलं मुळातच 'सर्वांत चांगला' अशा अर्थाचं रूप. तरी आपण 'सर्वश्रेष्ठ' म्हणतो, 'श्रेष्ठतम'ही म्हणतो. त्यावर कोणी लाल शाई ओतत नाही. इंग्रजीच्या बाबतीत मात्र आपण गोऱ्यांपेक्षा कडक पहारेकरी होतो, कारण तिथे चूक काढली की आपण वरचे ठरतो.

स्पर्धा परीक्षेत हा प्रश्न आलाच, तर 'मोअर परफेक्ट' चूक धरून पुढे जा. तिथे गुण महत्त्वाचे. 'मोअर युनिक' लिहितानाही जरा थांबा: 'वेगळं' एवढंच म्हणायचं असेल, तर 'वेगळं' म्हणणारा शब्द वापरा. पण एखादी गोष्ट पूर्णत्वाकडे सरकली आहे असं खरंच सांगायचं असेल, तर बिनधास्त 'मोअर परफेक्ट' लिहा.

माझा तिसरा मसुदा परवा गेला. ईमेलमध्ये मी पुन्हा तेच दोन शब्द लिहिलेत. या वेळी टीमला कॉपी मीच ठेवली.