गोळीनंतरचे अकरा महिने

मद्रासच्या उत्तरेस पुलिकत सरोवराच्या परिसरात वैरवनकुप्पम नावाचे कोळ्यांचे एक गाव आहे. १९८० नंतरच्या दशकात काही संशोधकांनी तेथील रहिवाशांना जंतनाशक औषध दिले आणि प्रत्येकाच्या पोटातून किती जंत पडले ते मोजले. अकरा महिन्यांनी त्यांनी पुन्हा मोजणी केली. मोठ्या गोल जंतांचे प्रमाण जवळजवळ पूर्वीइतकेच झालेले होते! शिवाय प्रथम ज्यांच्या पोटात पुष्कळ जंत होते, त्यांच्याच पोटात ते बहुधा पुन्हा पुष्कळ झाले. शाळांतून जंतनाशक गोळ्या वाटण्याचा विचार करताना ही हकीकत प्रथम ध्यानात घ्यावी, असे आम्हांस वाटते.

असे का व्हावे, हे जंताच्या प्रवासावरून कळते. मातीने भरलेल्या हातांबरोबर जंताची अंडी मुलाच्या पोटात जातात. आतड्यात अंडे फुटून सूक्ष्म डिंभ बाहेर पडतो. परंतु तो तेथे राहत नाही. आतड्याची भिंत भेदून तो रक्ताबरोबर यकृतात व तेथून फुप्फुसात पोहोचतो. तेथे काही दिवस वाढून तो श्वासनलिकेतून घशाशी चढतो आणि गिळला जाऊन पुन्हा आतड्यात येतो. शिमेसु कोइनो या जपानी वैद्याने स्वतः दोन हजार अंडी गिळून १९२२ साली हा प्रवास सिद्ध केला. त्याला न्यूमोनियासारखा आजार झाला आणि त्याच्या थुंकीत डिंभ सापडले.

आता समजा, एखाद्या मुलाने ३ फेब्रुवारीस अंडी गिळली. राष्ट्रीय जंतनाशक दिनाचा आरंभ २०१५ साली झाला, आणि त्याच्या पहिल्याच फेरीत तामिळनाडू व महाराष्ट्र ही दोन्ही राज्ये होती. या दिनी, म्हणजे १० फेब्रुवारीस, त्या मुलाने आल्बेन्डाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी चघळून खाल्ली. त्या वेळी डिंभ फुप्फुसात आहेत. एका गोळीचे औषध रक्तात फारच थोडे उतरते, म्हणून ते आतड्यातल्या जंतांना मारते, या प्रवाशांना नाही. मुलाला खोकला व घरघर असेल, रक्तात इओसिनोफिल पेशी वाढलेल्या असतील. पण शौचात अंडी मिळणार नाहीत, कारण अंडी घालणारी मादी अजून तयारच झालेली नाही. एप्रिलच्या मध्यास मात्र तीच तपासणी अंडी दाखवील. तेव्हा शौचाची एक निर्दोष तपासणी म्हणजे जंतमुक्ती नव्हे.

अंकुशकृमीची गोष्ट निराळी आहे. त्याचे डिंभ अनवाणी पायांच्या त्वचेतून शिरतात आणि फुप्फुसामार्गेच आतड्यात येतात. तेथे ते भिंतीस चिकटून रक्त पितात. दक्षिण भारतात जी जात मुख्यतः आढळते, तिचा एक कृमी दिवसाकाठी सुमारे ०.०३ मिलिलीटर रक्त घालवितो. शंभर कृमी असले तर तीन मिलिलीटर. शंभर मिलिलीटर रक्तात दहा ग्रॅम हिमोग्लोबिन असलेल्या मुलाचे त्यामुळे रोज सुमारे एक मिलिग्रॅम लोह जाते. त्यातील काही अंश आतड्यात पुन्हा शोषला जातो, हे खरे. तथापि भात-सांबारावर वाढणाऱ्या मुलाचे शरीर दिवसभरात जेमतेम तेवढेच लोह मिळवीत असते. म्हणून कृमी पडले तरी रक्तक्षय लगेच हटत नाही. झालेली तूट लोहाच्या गोळ्यांनीच भरावी लागते. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आठवड्यास मिळणारी ४५ मिलिग्रॅम लोहाची गुलाबी गोळी आणि त्यांहून मोठ्यांची ६० मिलिग्रॅमची निळी गोळी ही जंतनाशक गोळीची जोडीदारीण आहे. एकीचे वाटप झाले म्हणून दुसरीकडे दुर्लक्ष होणे आम्हांस मोठा दोष वाटतो.

मोठे जंत मुलांत अधिक, तर अंकुशकृमी प्रौढांत अधिक आढळतात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या संशोधकांनी तामिळनाडूतील तिमिरी व जव्वादु डोंगर या भागांत २०१७ साली सुरू केलेल्या कामातही अंकुशकृमी प्रौढांत अधिक दिसले. शाळेत गोळी घेतलेला मुलगा घरी परततो, तेव्हा त्याच्या वडिलांच्या व आजीच्या पोटातील कृमी अंडी घालीतच असतात, आणि उघड्यावरील शौचामुळे ती परसातील ओल्या मातीत पडतात. सावलीतल्या ओलसर मातीत आठवड्याभरात नवे डिंभ तयार होतात.

शाळेतील वाटप बंद करावे, असे याचे तात्पर्य काढणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. रोगाची तीव्रता जंतांच्या संख्येवर असते; वर्षातून दोनदा ती संख्या उतरली तर वाढत्या मुलाचे पुष्कळ नुकसान टळते. आमचा आक्षेप हिशेबाच्या रीतीस आहे. आज किती मुलांनी गोळी घेतली याची बेरीज अभिमानाने मांडली जाते. त्याऐवजी प्रत्येक तालुक्यातील चार-दोन शाळांत गोळीपूर्वी, तीन आठवड्यांनी व सहा महिन्यांनी अंड्यांची मोजणी व्हावी. तीन आठवड्यांची संख्या औषधाचा गुण सांगेल. सहा महिन्यांची संख्या गावाच्या मातीविषयी सांगेल. दुसरी संख्या पुन्हा चढलेली दिसली, तर गोळी त्या मुलाच्या घरातील मोठ्या माणसांपर्यंतही न्यावी लागेल.