चारशे तासांच्या रेकॉर्डिंगचा हिशेब : क्लाऊड की घरचा कॉम्प्युटर?

गेले दोन महिने आमच्या गटात एकच वाद चाललाय, तो आज सगळ्यांसमोर मांडतो. पोस्ट लांबली आहे, पण हा पैसा तुमच्या वर्गणीचा आहे, म्हणून हिशेब पूर्ण देतो.

कवठे येमाई हे तमाशाचं गाव, हे काही मी सांगायला नको. लोकशाहीर बी. के. मोमीन कवठेकर इथलेच. किती फडांना त्यांनी लिहून दिलं. ते २०२१ साली गेले आणि तेव्हापासून आपल्यातल्या काहींनी मनावर घेतलं, की जी जुनी माणसं आहेत त्यांचं बोलणं तरी धरून ठेवू. कुणी मोबाईलवर मुलाखती घेतल्या, कुणाच्या पेटीतल्या कॅसेट निघाल्या, कुणी यात्रेतल्या रात्रीचं सगळं रेकॉर्ड केलं होतं. एकत्र केलं तर साधारण ४०० तास भरले. आता ते ऐकणार कोण? लिहून काढलं तरच त्यात काही शोधता येईल, पुस्तक होईल, पोरं अभ्यास करतील.

बैठकीत दोन पक्ष पडले. एक म्हणाला, "क्लाऊडवर टाका, एका दिवसात लिहून मिळतं." दुसरा म्हणाला, "पैसे कशाला? आपल्याच कॉम्प्युटरवर फुकट होतं." दोघांचं अर्धं अर्धं खरं आहे.

आधी क्लाऊडचं बघू. या सेवा मिनिटावर पैसे घेतात. ओपनएआयच्या व्हिस्पर सेवेचा दर मिनिटाला ०.००६ डॉलर, गुगलचा नेहमीचा दर ०.०१६ डॉलर. ४०० तास म्हणजे २४,००० मिनिटं. डॉलर ९० रुपये धरला आणि वर १८ टक्के जीएसटी धरला, तर पहिल्या दराने साधारण १५ हजार आणि दुसऱ्या दराने ४१ हजार रुपये होतात. म्हणजे "क्लाऊड परवडत नाही" ही ओरड तशी पोकळ आहे. अडचण वेगळीच निघते, ती म्हणजे अपलोड. कॅसेटवरून उतरवलेल्या डब्ल्यूएव्ही फाइल्स तासाला सव्वासहाशे एमबी खातात. ४०० तासांच्या झाल्या अडीचशे जीबी. आपल्याकडे वर पाठवायचा वेग दोन एमबीपीएस मिळाला तरी नशीब. त्या वेगाने अकरा-बारा दिवस रात्रंदिवस पाठवत बसावं लागेल, आणि मध्ये लाईट गेली की फाइल पुन्हा पहिल्यापासून.

यावर उपाय सोपा आहे. मशीनला ऐकायला स्टिरिओ लागत नाही आणि गाण्याची क्वालिटीही लागत नाही. मूळ फाइल हार्डडिस्कवर जशीच्या तशी ठेवायची, आणि मशीनसाठी एक बारीक प्रत काढायची :

```
ffmpeg -i mulakhat.wav -ac 1 -ar 16000 -c:a libopus -b:a 32k mulakhat.ogg
```

ही प्रत तासाला साडेचौदा एमबीच्या आत बसते. अडीचशे जीबीचं ओझं सहा जीबीच्या आत येतं. ओपनएआयकडे एका फाइलला २५ एमबीची मर्यादा आहे, तीही यात पाळली जाते. मूळ मात्र पुसू नका. एका उत्साही दोस्ताने बारीक प्रत झाली म्हणून मूळ फाइल्स उडवायला घेतल्या होत्या, थोडक्यात वाचलं.

आता घरच्या कॉम्प्युटरचं. गावातल्या एका पोराकडे गेम खेळायचा कॉम्प्युटर आहे, त्यात १२ जीबीचं ग्राफिक्स कार्ड. रात्री तो झोपला की मशीन आपलं. व्हिस्परचं मॉडेल उतरवून घेता येतं, त्याला पैसे लागत नाहीत. व्हिडिओत सांगतात की एका तासाचं रेकॉर्डिंग तीन-चार मिनिटांत होतं. ते इंग्रजीचं. हे मॉडेल मजकूर छोट्या तुकड्यांनी लिहितं. इंग्रजी शब्दाला बहुतेक वेळा एक-दोन तुकडे पुरतात, पण देवनागरी अक्षरांचे फार बारीक तुकडे पडतात, त्यामुळे तेवढंच बोलणं मराठीत लिहायला त्याला कितीतरी जास्त वेळ लागतो. आमच्याकडे एक तासाला पंधरा मिनिटं लागली. याच कारणाने दुसरी गंमत होते. मॉडेल तीस-तीस सेकंदांचे घास घेतं आणि एका घासात किती तुकडे लिहायचे याला मर्यादा असते. सोंगाड्या भरभर बोलायला लागला की मर्यादा संपते आणि वाक्य मध्येच तुटतं.

विजेचं म्हणाल तर मशीन तीनशे वॅट खातं. शंभर तास चाललं तरी तीस युनिट. बिल तीनशे रुपयांच्या आसपास. खरा त्रास लाईट जाण्याचा, म्हणून एक फाइल संपली की तिचा मजकूर लगेच सेव्ह होईल असं लावलं. सकाळी उठून बघायचं कुठपर्यंत आलंय, आणि तिथून पुढे.

दोन चुका आम्ही केल्या, त्या तुम्ही करू नका. पहिली, भाषा सांगितली नाही. मग मॉडेल पहिल्या तीस सेकंदांवरून अंदाज करतं, आणि एका मुलाखतीत सुरुवातीलाच हिंदीत हसणं-बोलणं होतं, तर पूर्ण मुलाखत हिंदी वळणाने लिहून ठेवली. सेटिंगमध्ये `mr` लिहिलं की हा घोळ जातो. दुसरी, शांत जागा तशाच ठेवल्या. म्हातारा माणूस आठवायला थांबतो, कॅसेट नुसती खरखरते, तेव्हा हे मॉडेल गप्प बसत नाही. न बोललेलं लिहितं, नाहीतर एकच ओळ वीस वेळा लिहितं. आधी बोलणं असलेला भाग वेगळा काढणारा फिल्टर लावला की हे बरंच कमी होतं. ओळखायचं कसं? प्रत्येक मिनिटाचे शब्द मोजा. माणूस मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द बोलतो. कुठे दहाच शब्द आले, किंवा तीच ओळ सारखी आली, की तिथे जाऊन ऐका.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, मग घरचंच बरं, तीनशे रुपयांत काम. थांबा.

मशीन जे देतं तो कच्चा मजकूर. तो कुणीतरी ऐकत ऐकत दुरुस्त करायचा असतो. आम्ही तीस मिनिटं निवडली : दहा मिनिटं स्वच्छ मुलाखत, दहा मिनिटं कॅसेट, दहा मिनिटं दोघं-तिघं एकदम बोलतात ती. ती हाताने अचूक टाइप केली आणि मग मशीनच्या मजकुराशी शब्दाला शब्द लावून बघितलं. स्वच्छ मुलाखतीत क्लाऊडच्या मजकुरात शंभरात अठरा शब्द चुकले, घरच्या व्हिस्परमध्ये सत्तावीस. कॅसेटवर दोघांचाही निम्मा मजकूर गेला. 'उचल', 'सुपारी', 'राहुटी', 'बतावणी' हे शब्द मशीनने कधी ऐकलेच नसावेत. नारायणगावच्या राहुट्यांचं वर्णन होतं, तिथे भलतंच काहीतरी आलं.

आता पैसे कुठे जातात ते बघा. शंभरात अठरा चुका असतील तर एक तासाचं रेकॉर्डिंग दुरुस्त करायला आमच्या मुलींना अडीच तास लागले. सत्तावीस चुका असतील तर चार तास, कारण मग दुरुस्त करण्यापेक्षा ओळच नवी लिहावी लागते. पूर्ण हाताने लिहायचं तर सात. तासाला शंभर रुपये मानधन धरा. प्रत्येक तासामागे दीड तासाचा फरक म्हणजे १५० रुपये. क्लाऊडचा त्या तासाचा खर्च करासकट चाळीस रुपयांच्या आत. म्हणजे चाळीस रुपये वाचवायला आपण दीडशे घालवत होतो, आणि त्यालाच फुकट म्हणत होतो.

मग मी क्लाऊडवाल्यांच्या बाजूला गेलो का? पूर्ण नाही. आयआयटी मद्रासच्या एआय४भारत गटाने भारतीय भाषांसाठी शिकवलेली मॉडेल्स फुकट ठेवली आहेत, त्यातलं इंडिककन्फॉर्मर त्याच घरच्या मशीनवर चालवलं. त्याच स्वच्छ मुलाखतीत चुका सतरावर आल्या. विरामचिन्हं मात्र नसतात, वाक्यं आपणच तोडायची. ती आमच्या आवाजांवरची, आमची चाचणी आहे. तुमच्याकडे वऱ्हाडी किंवा मालवणी रेकॉर्डिंग असेल तर आकडे वेगळे येतील, तुमची तीस मिनिटं तुम्हीच तपासा.

आणखी एक. ४०० तासांतले १४० तास गाणं आहे : गण, गवळण, लावणी, ढोलकी जोरात. यावर कुठलंही मशीन लावून उपयोग नाही, शब्द ताणले की त्याला काही कळत नाही. इथे आपल्या जिल्ह्याचंच उदाहरण बघा. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाच्या वर. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांनी शंभरावर तास ध्वनिमुद्रण केलं. त्या ओव्या माणसांनी ऐकून, गावं आणि बायांची नावं नोंदवून लिहिल्या, म्हणून आज पारीच्या संकेतस्थळावर ओवी आणि गाणारी बाई दोन्ही सापडतात. आपली गाणीही कानानेच लिहावी लागतील, आणि शेजारी जुना कलावंत बसलेला पाहिजे. ते १४० तास मी मशीनच्या हिशेबातून काढूनच टाकले.

उरले २६० तास बोलणं. त्यातल्या तीसेक तासांत लोकांनी उचल कुणाकडून घेतली, कुणी बुडवली, कुणाच्या घरात काय झालं हे नावानिशी सांगितलंय. ती माणसं किंवा त्यांची पोरं इथेच राहतात. सांगणाऱ्याने आपल्या ओट्यावर बसून आपल्याला सांगितलं, परदेशातल्या सर्व्हरवर पाठवायला नव्हे. ते तास घरच्या मशीनच्या बाहेर जाणार नाहीत, चुका दुप्पट आल्या तरी. यावर मी बैठकीत मतदान घ्यायलाही तयार नाही.

बाकीच्या २३० तासांना माझं मत असं : घरच्या मशीनवर इंडिककन्फॉर्मर लावायचं. रोज रात्री आठ तास, लाईट जाणार हे धरून पंधरवडाभर. कुठली मुलाखत फारच बिघडलेली आली तर तेवढीच क्लाऊडवर टाकून बघायची, त्यासाठी दोन हजार रुपये बाजूला ठेवले तर पुरेत. तासाला अडीच तासांप्रमाणे दुरुस्तीला ५७५ तास, म्हणजे साधारण ५८ हजार रुपये. त्या तीस तासांचे वेगळे. दोन मुली रोज चार-चार तास बसल्या तर अडीच महिने. गाण्याचे १४० तास सातच्या हिशेबाने ९८ हजार, आणि बसायला येणाऱ्या कलावंताचं मानधन त्यावर.

बैठकीत नवा कॉम्प्युटर घ्यायचा ठराव येणार आहे, पन्नास हजारांचा. मी विरोध करणार. आहे ते मशीन रात्री रिकामंच असतं. ते पन्नास हजार दुरुस्ती करणाऱ्यांना द्या. ज्यांना हिशेब पटत नाही त्यांनी रविवारी सकाळी या, तपासलेली तीस मिनिटं आणि तिन्ही मजकूर शेजारी शेजारी छापून ठेवलेत, स्वतः मोजून बघा. आणि कुणाच्या घरी अजून कॅसेट असतील तर घरच्या टेपवर लावू नका, फीत जुनी झाली की तुटते. तशाच घेऊन या.