मराठीत ‘कॉमा’ बोललं की ‘कॉमा’च का टाइप होतं?

समजा, आंबिवलीतल्या सोसायटीची नोटीस तुम्ही गूगल डॉक्समध्ये मराठीत बोलून लिहिताय. ‘कॉमा’ म्हणालात की चिन्हाऐवजी शब्दच उमटतो. मग अनेकजण कॉम्प्युटरची भाषा इंग्रजी करतात. फुकटची मेहनत! इथे महत्त्वाची असते ती माइकवर निवडलेली भाषा. बोलून विरामचिन्हं देता येतात अशा भाषांची गूगलची यादी छोटी आहे: इंग्रजी, जर्मन, फ्रेंच वगैरे. मराठी त्यात नाही.

मग करायचं काय? ‘सोमवार स्वल्पविराम मंगळवार पाणी बंद’ असं सरळ बोला. शेवटी Ctrl+H दाबून ‘स्वल्पविराम’ हा शब्द, आधीच्या स्पेससकट, ‘,’ने बदला. ‘सोमवार, मंगळवार पाणी बंद’ मिळेल. स्पेस विसरलात, तर स्वल्पविराम शब्दापासून तुटून पडेल. नव्या ओळीसाठी मात्र हातानेच Enter दाबा.